स्क्रीनशॉट पाठवताना मुदतीची लिंक की अटॅचमेंट?

कोल्हापूरचा_हिशेबनीस: आमचं सहा जणांचं करसल्ल्याचं ऑफिस. क्लायंट पोर्टलवरच्या एररचे स्क्रीनशॉट मेलला जोडतात आणि पॅन, खातेनंबरासकट ते वर्षानुवर्षं मेलबॉक्सात पडून राहतात. त्यापेक्षा चोवीस तासांत बंद होणारी लिंक पाठवा, असं सगळ्यांना सांगावं का?

झटपट_काम: सांगूनच टाका. अटॅचमेंट एकदा गेलं की हातातून गेलं, लिंक निदान मरते तरी. मी लाइटशॉट वापरतो. एक बटण दाबलं की लिंक तयार.

जुना_सर्व्हरवाला: पहिलं वाक्य बरोबर, उदाहरण नेमकं उलटं. लाइटशॉटच्या `prnt.sc` लिंका वर्षानुवर्षं सहा अक्षर-अंकांच्या आणि क्रमाने मिळायच्या. 36 चिन्हं, सहा जागा, म्हणजे 217 कोटींहून जास्त शक्यता. ऐकायला भक्कम वाटतं, पण क्रमच असेल तर अंदाज बांधायचाय कशाला? शेवटचं अक्षर बदललं की शेजाऱ्याचा स्क्रीनशॉट उघडायचा. लोकांनी असे ढिगाने गोळा केलेत. वर तिथे चोवीस तासांची मुदत वगैरे काही नाही.

मुदत बघण्याआधी लिंक लांबलचक आणि अंदाज न येणारी आहे का, ते बघा. `0x0.st` वर दोन्ही मागता येतं:

```
curl -i -F'file=@error.png' -Fexpires=24 -Fsecret= https://0x0.st
```

24 म्हणजे तास. `secret` दिलं की लिंक लांब होते. `-i` मुळे उत्तरात `X-Token` दिसतो, तो जपून ठेवा. चुकीचं चित्र चढलं तर मुदतीआधी काढून टाकायला तोच लागतो. पण हा सर्व्हर परक्याचा आहे, पॅन तिथे चढवू नका.

तिकीटवाली: मी बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला आहे, आणि माझा या कल्पनेला साफ विरोध. मागे एका दुकानदाराने जीएसटीच्या बेरजेतल्या फरकाची लिंक पाठवली. आम्ही पाहिली, दुरुस्ती केली. तीन आठवड्यांनी तो म्हणाला, "मी दाखवलेला आकडा वेगळा होता." तिकिटात मेलेली लिंक, माझ्याकडे दाखवायला काही नाही. डिस्कॉर्डवरच्या फाइलच्या लिंका बाहेर चिकटवल्या तर आता साधारण दिवसभरातच बंद पडतात, तिथेही हीच गत. करसल्ल्याच्या ऑफिसला तर कागद जपायलाच हवेत ना? मेलबॉक्स साफ करत नाही हा तुमचा आळस, त्यावर लिंक कसलं औषध!

झटपट_काम: आळस शब्द जरा जास्त झाला. कागद वेगळा, एररचा फोटो वेगळा.

नाशिकची_मावशी: एवढं कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच दिसणारा फोटो पाठवायचा. मी भावाला पासबुकाचं पान असंच पाठवते.

जुना_सर्व्हरवाला: मावशी, समोरच्याने दुसऱ्या फोनने फोटो काढला की संपलं. मुदतीच्या लिंकेचंही तसंच. सर्व्हरवरची प्रत जाते, डाउनलोड केलेली राहते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की कधीकधी वर छोटी झलक येते. ती निरोपाबरोबरच जाते, म्हणून लिंक मेली तरी चॅटमध्ये दिसत राहते.

आणखी एक, कारण सगळे "कापून पाठवतो" म्हणतात. 2023 मध्ये उघड झालं की पिक्सेल फोनवर कापलेला पीएनजी जुन्या फाइलवरच लिहिला जायचा आणि मागची शेपूट तशीच राहायची. त्या शेपटीतून कापलेला बराच भाग परत मिळवता येत होता. विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्येही तेच निघालं. दुरुस्त्या आल्या, पण आधी कापलेल्या फाइली आहेत तशाच आहेत. चित्र निम्मं कापूनही फाइलचा आकार जवळपास तेवढाच राहिला, तर शंका घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो नव्याने दाबला जातो आणि शेपूट गळून पडते. लिंकेवरून बहुतेक वेळा मूळ फाइल जशीच्या तशी जाते, अटॅचमेंटमधूनही. म्हणून खातेनंबरावर गडद काळा चौकोन ओढा, धूसर करू नका, आणि चित्र पेंटमध्ये चिकटवून नव्या नावाने जतन करा. मग काहीही वापरा.

तिकीटवाली: मग नंबर झाकलेलं अटॅचमेंटच का नको? माझा प्रश्न तिथेच आहे.

जुना_सर्व्हरवाला: एररपुरतं असेल तर माझी हरकत नाही.

पुण्याचा_आयटीवाला: आम्ही एकदा उघडली की नष्ट होणाऱ्या लिंका वापरून पाहिल्या. क्लायंटला रिकामं पान दिसायचं. मेलमधल्या लिंका तपासणारी सुरक्षा यंत्रणा त्याच्याआधी उघडून मोकळी व्हायची. शेवटी "पुढे जा" असं बटण असलेलं पान मध्ये घातलं, तेव्हा बरंच थांबलं. सगळं नाही.

कोल्हापूरचा_हिशेबनीस: म्हणजे झाकायला मीच शिकवायचं. तिकीटवाली म्हणतात ते कागद जपण्याचं मला पटलंय, पण सहा वर्षांच्या मेलबॉक्सातून एररचे फोटो वेगळे कोण काढणार? ऑफिसात विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतायत.