शब्दचर्चा : 'बैलाला लाल कापड' हा वाक्प्रचार आपला आहे का?

पूर्वा
एका कादंबरीचा अनुवाद करते आहे. त्यात भांडकुदळ सासऱ्यासमोर जावई मुद्दाम जमिनीच्या वाटणीचा विषय काढतो, आणि लेखक म्हणतो की हे म्हणजे बैलाला लाल कापड दाखवणंच झालं. वर्तमानपत्रांत ही शब्दयोजना मी वाचली आहे, पण आजीच्या किंवा गावाकडच्या कोणाच्या तोंडी कधी ऐकलेली नाही. हा वाक्प्रचार मुळात मराठी आहे का? आणि बैल खरंच लाल रंगाने चिडतो का? चिडत नसेल, तर तो वापरावा का?

अनिकेत
चिडत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. बैल पूर्ण रंगांध असतो, त्याला सगळं जुन्या सिनेमासारखं काळंपांढरं दिसतं. 2007 साली एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात लाल, निळं आणि पांढरं अशी तीन निशाणं लावून बैल सोडला होता. तो तिन्हींवर धावून गेला.

सुलभाताई
पूर्वा, राग दाखवायला मराठीत 'डोळे लाल होणे', 'लालबुंद होणे', 'लालेलाल होणे' असं कितीतरी आहे. मग हाही आपलाच असणार. लाल आणि राग यांचं नातं जुनं आहे.

पूर्वा
सुलभाताई, त्यात रागावलेल्या माणसाचं तोंड किंवा डोळे लाल होतात. मी विचारते आहे ते लाल वस्तू पाहून राग येण्याबद्दल. ही दोन वेगळी आहेत ना?

बाळासाहेब (निवृत्त पशुवैद्य)
वेगळीच आहेत. शब्दाआधी बैलाबद्दल सांगतो.

अनिकेत, तुमचा निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण चुकलं. गाय-बैलांना काळंपांढरं दिसत नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, त्यांच्या डोळ्यात दोन प्रकारच्या. एक निळ्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देते, सुमारे 450 नॅनोमीटरला. दुसरी पिवळ्या-हिरव्याला, सुमारे 555 नॅनोमीटरला. त्यामुळे निळं आणि पिवळं त्यांना वेगळं कळतं. खास लाल टिपणारी तिसरी पेशी मात्र नसते. आपल्याला भडक वाटणारं लाल कापड त्यांना बहुधा मळकट, गडद दिसत असावं.

1923 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञाने हा प्रश्न नीट तपासला. त्याने गाई, वळू, बैल, वासरं अशा जनावरांसमोर लाल, हिरवी, पांढरी आणि काळी कापडं लावून पाहिली. लालने कोणी खास चवताळलं नाही. स्थिर कापडापेक्षा फडफडणाऱ्या कापडाकडे जनावरांचं जास्त लक्ष गेलं, आणि गडद कापडापेक्षा उजळ कापडाकडे. बैल अंगावर येतो तो समोरच्या अनोळखी माणसाच्या वागण्यामुळे, आणि त्याने काही लाल घातलेलं असलं की दोष रंगावर जातो, असा त्याचा अंदाज होता. तो मला पटतो.

अनिकेत
दोन प्रकारच्या पेशी असतात हे माहीत नव्हतं. पण मग स्पेनमध्ये लालच कापड का वापरतात?

बाळासाहेब
तिथेही लाल कापड शेवटच्या टप्प्यात येतं. स्पेनमधल्या झुंजीचे तीन भाग असतात. पहिल्या भागात मोठी खोळ वापरतात, तिला ते कापोते म्हणतात. ती बाहेरून गडद गुलाबी आणि आतून बहुतेक वेळा पिवळी असते, आणि बैल तिच्यावरही तितक्याच जोराने धावून येतो. दुसऱ्या भागात त्याच्या खांद्यात काटेरी काठ्या रोवतात. काठीवर लावलेलं लहान लाल कापड, म्हणजे मुलेता, तिसऱ्या भागात येतं. तोवर बैल भाल्याने आणि काठ्यांनी रक्तबंबाळ झालेला असतो. लाल कापडावर ते रक्त डोळ्यात भरत नाही, असं कारण सांगतात. बैलाला कळते ती कापडाची हालचाल.

आणि हा प्राणी बैल नव्हे, हे इथे शब्दचर्चेत सांगायलाच हवं. तो अंडील नर, म्हणजे आपल्या भाषेत वळू. आपण बैल म्हणतो तो बडवलेला असतो, हल्ली चिमट्याने खच्चीकरण केलेला. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. वळूच्या जागी बैल घातला की वाचकाच्या डोळ्यासमोर औताचा, पोराबाळांना अंगाखांद्यावर खेळू देणारा प्राणी येतो, आणि त्याच्या रागाची गोष्ट कच्ची वाटते.

माणदेशी
पोळ्याला काय करतात ते आठवा की. शिंगांना हिंगूळ, पाठीवर लाल झूल, कपाळाला गोंडे, वर गुलालाची उधळण. आमच्याकडे बेंदराला तर ढोलही असतो. लालने बैल चिडत असता तर हे सण कधीच बंद पडले असते. म्हणून मला वाटतं, हा वाक्प्रचार आपल्या मातीतला नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव आहे. आमचा खिलारी बैल रस्त्याने चालताना एकदम बुजला, जूं मोडता मोडता राहिलं. वडिलांच्या डोक्यावर लाल फेटा होता, शेजारी म्हणाले फेट्याला बुजला. पण वडिलांनी नीट पाहिलं. पुढे उभ्या ट्रॉलीवरची निळी ताडपत्री एका कोपऱ्याला सुटून वाऱ्यावर फडफडत होती. त्यांनी तो कोपरा दोरीने आवळून बांधला आणि फेटा तसाच ठेवून बैल पुन्हा त्याच वाटेने नेला. बैलाने तिकडे पाहिलंही नाही.

बाळासाहेब
तपासायची पद्धत हीच. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. बैलाला डोळे बाजूला असल्याने जवळजवळ सगळीकडचं दिसतं, थेट पाठीमागचं तेवढं नाही. पण समोरच्या वस्तूचं अंतर त्याला नीट मोजता येत नाही. म्हणून अचानक हलणारं कापड, डबक्यातली चमक, कुंपणावर टांगलेला रेनकोट अशा गोष्टींना तो दचकतो.

मात्र बुजणं आणि अंगावर येणं एक नाही. बुजलेला बैल कान टवकारून मागे सरतो, दावं तोडून पळू पाहतो. मारका वळू आधी इशारा देतो. अंगाची पूर्ण बाजू दाखवत आडवा उभा राहतो, मान खाली घालतो, पुढच्या पायाने माती उकरतो, डुरकतो. हे दिसलं की त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरकायचं. शर्टाचा रंग कोणताही असो.

रोहन
मग 'गोल्डफिशची मेमरी' हेही असंच असेल का? आमच्या ऑफिसात विसरभोळ्याला सरळ गोल्डफिश म्हणतात. तीन सेकंद ऐकलंय. तीन सेकंद नसेल तरी फार लहानच असणार, एवढासा मेंदू.

बाळासाहेब
रोहन, याच माशावर 1960 च्या दशकात मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड अॅग्रॅनॉफ यांनी स्मृतीचे प्रयोग केले. टाकीच्या मध्ये अडसर, दिवा लागला की थोड्या वेळाने सौम्य विजेचा झटका. मासा शिकतो की दिवा लागताच अडसर ओलांडायचा. काही दिवसांनी पुन्हा टाकीत सोडला तरी त्याच्या लक्षात असतं. शिकवल्यावर लगेच मेंदूत प्युरोमायसिन हे द्रव्य टोचलं, तर मात्र ती आठवण पक्की होत नसे. उशिरा टोचलं तर ती टिकून राही. म्हणजे दीर्घकाळची आठवण कशी पक्की होते हे शोधायला जो मासा निवडला, त्यालाच आपण विसराळूपणाचं उदाहरण केलं.

झुंजीच्या बैलांची आठवणही अशीच पक्की असते. रिंगणात उतरण्याआधी त्याच्यासमोर पायी उभ्या माणसाने कापड धरलेलं असू नये, असा तिथला कडक दंडक आहे. कारण तो शिकतो. एकदा फसला की कापड सोडून माणसाकडे वळतो.

रोहन
हे भारी आहे. तीन सेकंद कोणी काढले असतील?

अनिकेत
ते मलाही कुठे सापडलं नाही.

पूर्वा
मूळ प्रश्नाकडे येते. वाक्प्रचार बाहेरून आला यावर बहुतेकांचं एकमत दिसतं. तो काढून टाकावा का?

सुलभाताई
मी नाही म्हणेन. भाषेत प्राणिशास्त्र तपासत बसलो तर 'नक्राश्रू' जाईल, 'डूख धरणे'ही जाईल. वाचकाला अर्थ कळतो ना? लाल कापडाचं आता सगळ्यांना माहीत झालंय.

माणदेशी
ताई, डूख धरणं आपल्या गावागावांत बोललं जातं, म्हणून ते राहील. लाल कापड छापून आलेलं आहे. सासरा-जावयाच्या तोंडी ते खटकेल. आमच्याकडे अशा वेळी 'मोहोळाला दगड मारला' म्हणतात.

बाळासाहेब
मोहोळ इथे चपखल बसेल. दगड मारल्यावर आग्या माश्या खरंच उठतात, आणि जावयाला परिणाम ठाऊक असूनही तो मारतो, ही छटाही येते. नुसती खोडी काढायची असेल तर 'डिवचणे' पुरे.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. 2001 च्या सुमारास वासरांवर झालेल्या एका अभ्यासात लाल प्रकाशात ती निळ्या-हिरव्या प्रकाशापेक्षा जास्त हालचाल करताना दिसली. हालचाल म्हणजे राग नव्हे. पण लालचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही, असं मी ठामपणे म्हणणार नाही.

पूर्वा
सासऱ्याच्या प्रसंगात मोहोळच घेते. पण पुढच्या प्रकरणात खरीखुरी झुंज आहे, सेव्हिलमधली, आणि तिथे लाल कापड राहणारच. तिथल्या प्राण्याला सगळीकडे 'वळू' करू का? सलग वाचताना तो शब्द गावच्या मोकाट वळूची आठवण देतो. 'पोळ'चाही विचार केला, पण तो देवाच्या नावाने सोडलेला.

माणदेशी
पोळ नको. 'खोंड' बघा.

बाळासाहेब
खोंड वयाने लहान. मोठ्या झुंजीतला प्राणी चार-पाच वर्षांचा, पूर्ण भरलेला असतो. पहिल्या उल्लेखाला 'झुंजीचा वळू' लिहा, पुढे 'वळू' चालेल.

सुलभाताई
मी तिथे 'बैल'च ठेवीन. 'बैलांची झुंज' हाच शब्द लोकांच्या तोंडी आहे.