मुलांची उन्हाळी पोहण्याची बॅच: चाचणी वर्ग आणि दंडावरचे फुगे

सचिव:
सस्नेह नमस्कार. तलाव गेल्या वर्षीचाच असून बॅच शनिवारी सकाळी भरेल. गट चार ते सहा, सात ते दहा आणि अकरा ते चौदा असे आहेत. पहिला वर्ग विनामूल्य आहे. उथळ टोकालाही पाणी साडेतीन फूट असल्यामुळे चार फुटांहून बुटक्या मुलासोबत, त्याचे वय काहीही असले तरी, पालकाने पाण्यात हाताच्या अंतरावर उभे राहावे. ढगांचा गडगडाट झाल्यास सर्वांनी बाहेर यावे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे कोणीही पाण्यात उतरणार नाही. दंडावरचे फुगे आणू नयेत.

बापूकाका:
फुग्यांवर बंदी कशासाठी? आम्ही गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधूनच पोहायला शिकलो आणि आमच्यातले कोणी बुडाले नाही. मागच्या वर्षी फुगे चालले होते, हेही समितीने लक्षात घ्यावे.

प्रशिक्षक ताई:
काका, भोपळा पाठीवर असे, त्यामुळे अंग पोटावर आडवे होई आणि हातपाय मारणे भागच पडे. शिवाय कमरेच्या दोराचे दुसरे टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात असे. दंडावरचे फुगे मुलाला पाण्यात उभे लटकवतात. तो सायकल चालवल्यासारखे पाय मारतो, डोके वर ठेवतो आणि पाणी आपल्याला उचलून धरते असे समजतो. फुगे काढले की नेमकी हीच उभी स्थिती त्याला खाली नेते.

एक आई:
आमच्या धाकट्याचे असेच झाले. खाऊसाठी फुगे काढले होते. तो खाऊन उठला आणि तसाच पायरीवरून उडी मारून मोकळा झाला. ना ओरडला, ना पाणी उडवले. तोंड पाण्याच्या पातळीशी, मान मागे कललेली, केस डोळ्यांवर. यजमान शेजारीच होते, म्हणून लगेच उचलता आले.

एक बाबा:
चाचणी म्हणजे परीक्षा आहे का? आमची कन्या अकरा वर्षांची असून ती घाबरते. नापास झाली तर तिला लहान मुलांत बसवणार का?

प्रशिक्षक ताई:
नापास कोणी होत नाही. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडणे, उताणे तरंगणे आणि पाण्यात उतरून वळून काठ गाठणे, एवढेच आम्ही पाहतो. काठाकडे वळता न येणारे मूल अकरा वर्षांचे असले तरी उथळ टोकालाच राहील, मात्र स्वतःच्या वयाच्या मुलांसोबत. पोशाख निळा किंवा पांढरा नसावा, कारण तो पाण्याखाली दिसेनासा होतो, नारिंगी उत्तम.

बापूकाका:
दोराचे ताई म्हणतात ते खरे आहे. पण मग अमेरिकन तटरक्षक दलाची मान्यता असलेले लाइफ जॅकेट तरी चालेल का? नातू चार वर्षांचा आहे.

सचिव:
तलावाच्या व्यवस्थापनाला विचारले आहे. उत्तर येईपर्यंत नातवासोबत आपण स्वतः पाण्यात उतरावे, आणि फोन पिशवीत ठेवावा.