मदत हवी आहे: हौदातली बोट प्रत्येक लाटेशी भांडते, डीपी जहाज का भांडत नाही?

हौदकरी: नमस्कार मंडळी. इन्स्ट्रुमेंटेशनचं शेवटचं वर्ष, कर्वेनगर. प्रोजेक्टला डायनॅमिक पोझिशनिंग घेतलंय, म्हणजे नांगर न टाकता नुसत्या थ्रस्टरवर बोट जागेवर उभी ठेवायची. सोसायटीचा विसर्जनाचा हौद एरवी रिकामाच असतो, तो चेअरमनकाकांची मनधरणी करून मिळवला. बोट ६० सेंमी, पुढे एक आडवा थ्रस्टर, मागे दोन. वरचा कॅमेरा सेकंदाला २० वेळा तिची जागा सांगतो. कंट्रोलला पीआयडी.

पाणी शांत असलं की बोट खिळल्यासारखी उभी. वायपरच्या मोटरला फळी लावून ०.८ सेकंदाला एक अशा लाटा सोडल्या, की तिन्ही मोटरी सारख्या उलटसुलट फिरतात. बोट हलते जेमतेम १ सेंमी, पण बुधवार पेठेतून आणलेला दुसरा ड्रायव्हर काल जळला. खरी जहाजं दिवसच्या दिवस अशी उभी असतात, त्यांचे थ्रस्टर कसे टिकतात?

अप्पा_पानशेत: आमच्या बोटीला पुढे-मागे दोन नांगर टाकतो, तसूभर हलत नाही. एवढा खटाटोप कशाला?

पीएलसीवाला_भोसरी: सोपं आहे रे. शेवटच्या १६ रीडिंगची सरासरी घे, ०.८ सेकंद बरोब्बर भरतात, लाट गायब. लोडसेलला आम्ही हेच करतो.

हौदकरी: दादा, केलं. मोटरी शांत झाल्या, पण आता बोटच झोके घेते, आणि झोका वाढत जातो. अप्पा, नांगर टाकला तर प्रोजेक्टच बुडेल :)

सुट्टीवरची_ईटीओ: डीपी असलेल्या सपोर्ट जहाजावर असते, सध्या घरी. अप्पा, मुंबई हायला प्लॅटफॉर्मच्या आसपास तळाशी पाइपलाइनी पसरलेल्या असतात. तिथे नांगर ओढत नेलात तर काम राहील बाजूला.

हौदकरी, तुझा पीआयडीतला डी बघ. लाटेने बोट मधल्या जागेच्या दोन्ही बाजूंना १-१ सेंमी हलते, पण ती पूर्ण फेरी ०.८ सेकंदात, म्हणजे मधून जाताना वेग जातो सेकंदाला जवळपास ८ सेंमीवर. वाहून जाण्याचा वेग असेल फार तर १. डी वेगाकडे बघतो, म्हणून तो लाटेचंच ऐकतो. त्या हलण्याला जहाजही विरोध करत नाही, तेवढी ताकदच नसते. लाट जहाजाला नेते आणि परत आणून सोडते. भांडायचं ते हळूहळू वाहण्याशी.

भोसरीकरांचं निम्मं बरोबर. १६ रीडिंगच्या सरासरीने माहिती ०.४ सेकंद शिळी होते, आणि तुझे गेन चढे आहेत म्हणून झोका येतो. गेन उतरव, बोटीला जागेवर यायला ८-१० सेकंद लागू देत. ९० मीटरच्या जहाजाचं हे १:१५० मॉडेल धर. काळ १५०च्या वर्गमुळाने, म्हणजे १२ पटीने ताणला जातो. तुझी लाट तिथली १० सेकंदांची लाट, आणि तुझे ८-१० सेकंद म्हणजे दीड-दोन मिनिटं. जहाज तितकंच सावकाश हलतं.

समुद्रात मात्र सगळ्या लाटा ०.८च्या नसतात, तिथे १६चा आकडा फसतो. म्हणून जहाज मोजलेल्या जागेवर थेट चालत नाही. संगणकात एक मानलेलं जहाज चालू असतं, आणि मोजमाप त्याला फक्त हळूच कोपराने ढोसतं:

```
v += (F + b)/m*dt
x += v*dt
r = z - x
x += 0.05*r
v += 0.02*r
b += k3*r
```

`z` कॅमेऱ्याचं, `F` थ्रस्टरचा जोर. पीआयडीला `x` आणि `v` दे, आणि त्यातला आय काढून टाक. ते काम `b` करतो, `-b` एवढा जोर कायम लाव. `k3` अगदी लहान ठेव.

पीएलसीवाला_भोसरी: `b` म्हणजे प्रवाह ना?

सुट्टीवरची_ईटीओ: स्क्रीनवर करंट असंच लिहिलेलं असतं, पण ज्याचा हिशेब लागत नाही ते सगळं त्यात जातं. भरती-ओहोटी थांबलेली असताना तिथे २ नॉट दिसले, तर मी आधी वाऱ्याचा सेन्सर तपासते. `b` सावकाश शिकतो, म्हणून कामाला भिडण्याआधी जहाज अर्धा तास नुसतं उभं ठेवतात.

हौदकरी: ताई, चाललं! २० मिनिटं लाटा सोडल्या, ड्रायव्हर कोमटच. पण नवीन भानगड: टेबलफॅनचा वारा लावला, बोट स्थिरावली. फॅन बंद केला तर पंख्याच्याच दिशेने १५ सेंमी धावली.

सुट्टीवरची_ईटीओ: `b` अजून वारा आहे असंच धरून बसलाय. जहाजावर वारा वेगळा मोजून त्याचा जोर मानलेल्या जहाजाच्या हिशेबात मिळवतात आणि तेवढाच उलटा जोर थेट थ्रस्टरला देतात, जहाज हलायची वाट बघत नाहीत. त्यालाही खोड आहे. हेलिकॉप्टर उतरताना पंख्याचा झोत सेन्सरवर आला, तर नसलेल्या वाऱ्याविरुद्ध थ्रस्टर जोर लावतात. म्हणून त्या वेळी तो सेन्सर बाजूला काढतो.

पीएलसीवाला_भोसरी: सेन्सर कशाला? `k3` वाढव, लवकर विसरेल.

सुट्टीवरची_ईटीओ: वाढवून बघ. माझ्या मते बोट परत डोलायला लागेल.

हौदकरी: `k3` दुप्पट केला. धाव ९ सेंमीवर आली, पण लाटांत मागची डावी मोटर मधूनच उलटी फिरते. ती मोटरच तशी आहे की `k3`मुळे, कळत नाहीये. उद्या मोटरी अदलाबदल करून बघतो.

अप्पा_पानशेत: झाल्यावर हौद दाखव. येताना नांगर घेऊन येतो.