प्रतिसाद: मोटारीचे उरलेले ऑइल जुन्या स्प्लेंडरमध्ये

> "पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिले आहे. मोटारीचे त्याच ग्रेडचे, एपीआय एसएन ऑइल घरात उरले आहे. ते गाडीत घातले तर चालेल का?"

माझ्या मते घालू नये, जरी डब्यावरचे दोन्ही शिक्के वरकरणी बरोबर असले तरी. १०डब्ल्यू हा आकडा कडाक्याच्या थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो आणि ३० हा शंभर अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा सांगतो. आपल्या हवामानात दुसऱ्या आकड्याकडे अधिक लक्ष द्यावे. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या दर्जाक्रमात एसजे, एसएल, एसएन अशी पुढची अक्षरे नव्या, अधिक कडक कसोट्यांची असतात, म्हणून एसएन जुन्या इंजिनाला तेवढ्यापुरते कमी पडत नाही.

खरी अडचण क्लचची आहे. मोटारीत क्लच कोरडा व वेगळा असतो, तर स्प्लेंडरमध्ये त्याच्या प्लेट इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. मोटारीच्या १०डब्ल्यू-३० ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये पुष्कळदा असतात. एपीआयच्या गोल चिन्हात खालच्या बाजूला 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' हे शब्द दिसले, तर ते ऑइल या गाडीसाठी बाजूलाच ठेवावे. त्याऐवजी डब्यावर जासो या जपानी मानकाचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असलेला एमए किंवा एमए२ शिक्का शोधावा. एमबी हा शिक्का कमी घर्षणाच्या ऑइलचा असून तो गिअरलेस स्कूटरसाठी योग्य ठरतो.

ऑइल आधीच घातले असेल, तर चढावर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळून पाहावे. इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरतो आहे. केबलचा ताण बरोबर असूनही तसे होत असेल, तर ऑइल लगेच बदलावे.