स्वेटर आटला : गरम पाण्यानं की घुसळण्यानं?

(परभणीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, डिसेंबरातली रविवार सकाळ)

जाधव काकू, बी-२०४ : लेकाचा लोकरीचा स्वेटर आमच्या ह्यांनी काल मशीनमध्ये टाकला. गीझरचं पाणी, जीन्सच्या सोबत, हेवीवर. आता तो भाच्याला बसायलाय 😡 गंमत म्हणजे तिबेटी बाजारातला दुसरा स्वेटरही त्याच घाण्यात होता. त्याला काही झालं नाही. दोन्ही लोकरीचेच ना?

शिंदे काका, ए-१०१ : गरम पाणी! लोकर गरम पाण्यानं आटते, हे आमची आई सांगायची. थंड पाण्यात टाकला असता तर काही झालं नसतं.

पाटील दादा, बी-३०३ : पण काका, लोकर रंगवतात ती उकळत्या पाण्यातच ना? आमचा मामा सूत रंगवायच्या कारखान्यात होता. लोकरीच्या लडी कढत पाण्यात तासभर असायच्या म्हणायचा.

शिंदे काका, ए-१०१ : मग त्या कशा आटत नव्हत्या?

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : पाटील, बरोब्बर जागी बोट ठेवलंत. (मी गृहविज्ञानला वस्त्रशास्त्र शिकवायचे, त्यामुळं आज तुमची सुटका नाही 😄) रंगवताना लोकर कढत पाण्यात असते, पण तिला फार हलवू देत नाहीत. पाणी फिरवतात, लड निवांत ठेवतात. म्हणजे एकट्या उष्णतेनं लोकरीचा नमदा, म्हणजे केस गुंतून झालेलं दाट कापड, होत नाही. चोळणं, घुसळणं लागतं. उलट थंड पाण्यातही खूप घुसळलं तर होतो, फक्त हळू.

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : लोकर म्हणजे मेंढीचा केस. त्यावर माशासारखे खवले असतात, एकावर एक चढलेले, सगळ्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडं. म्हणून केस मुळाच्या दिशेनं सहज सरकतो आणि शेंड्याच्या दिशेनं अडतो. लहानपणी गव्हाची ओंबी बाहीत घालायचो, आठवतं? हात कसाही हलवा, ती देठाच्या बाजूनं वरच चढायची, मागं येत नसे. प्रत्येक केसाचं तसंच. घुसळलं की तो थोडा पुढं सरकतो, पण घुसळणं थांबल्यावर परत जागेवर येत नाही. शेजारचे हजारो केस वेगवेगळ्या दिशांनी असंच करतात आणि एकमेकांत गुंततात.

जाधव काकू, बी-२०४ : मग गरम पाण्याचा काय दोष?

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : मदतीला धावून येण्याचा. गरम पाण्यात केस फुगतो, मऊ होतो, सहज वाकतो आणि परत सरळ होतो. साबणानं निसरडं झालं की सरकणं अजून सोपं. कपड्यांची साधी पावडर बरीच क्षारीय असते, ती केसाला आणखी फुगवते. शिवाय डाग काढायला काही पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम घालतात. लोकर प्रथिनाचीच, त्यामुळं तीही झिजते. तरी मोटार बंद असती तर स्वेटर वाचला असता. जीन्सनं रगडलं, ते नडलं.

पाटील दादा, बी-३०३ : केसाचं आत्ता करून पाहिलं. बायकोचा लांब केस दोन बोटांत धरून चोळला, एकाच बाजूला चालायलाय 😳

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : मूळ पुढं करून चालतो. हा प्रयोग वर्गात पोरींना हमखास आवडायचा.

शिंदे काका, ए-१०१ : एक सांगा मॅडम. आमच्या आज्याचं घोंगडं ओढ्यावर दगडावर आपटून धुवायचे. ते कामून आटलं नाही?

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : काका, प्रश्न भारी. घोंगडं आपल्या दख्खनी मेंढीच्या जाड, राठ लोकरीचं. जाड केस इतके सहज वाकत नाहीत आणि गुंतत नाहीत. दुसरं, ते घट्ट विणलेलं, धाग्याला हलायला जागा कमी. स्वेटर म्हणजे मोकळे फासे, त्यात मेरिनोसारख्या मेंढीच्या बारीक केसांना खेळायला मैदान. आणि ओढ्याचं पाणी थंड. तरी घोंगडं थोडं दाटतंच, म्हणून तर पाऊस अंगावर लवकर उतरत नाही. जाधव, तुमच्या स्वेटरच्या लेबलावर काय आहे?

जाधव काकू, बी-२०४ : १०० टक्के मेरिनो. तिबेटीवाल्याला लेबलच नाही.

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : तो बहुधा ॲक्रिलिकचा. आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून पाहा. वितळून टणक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक, त्यावर असे खवले नसतात. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर.

जाधव काकू, बी-२०४ : मणी 😐 वर्षानुवर्षं लोकर म्हणून जपायले.

जाधव काकू, बी-२०४ : थोरल्याचा अगदी तसलाच मेरिनो स्वेटर आहे, त्याच मापाचा, न धुतलेला. दोन्ही मोजले. न धुतलेला ६६ सेंमी लांब, ५४ रुंद. आटलेला ५२ आणि ४५. स्वयंपाकाच्या काट्यावर दोघंही ३४० ग्रॅम! लोकर गेली कुठं?

पाटील दादा, बी-३०३ : क्षेत्रफळ काढलं. ६६ × ५४ = ३५६४ आणि ५२ × ४५ = २३४०. म्हणजे साधारण दोन तृतीयांश उरलं.

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : आणि वजन तेवढंच, म्हणजे तेवढ्याच जागेत दीडपट लोकर. ती जाडीत गेली. म्हणून हाताला तो घोंगड्यासारखा लागत असेल. फासे दिसतात का?

जाधव काकू, बी-२०४ : समोर पुसटलेत. बाहीच्या आतल्या बाजूला थोडे दिसतात.

देशमुख वहिनी, ए-३०१ : इन्स्टावर पाहिलं, कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून भिजवायचं आणि ओढायचं, पूर्ववत होतो म्हणे.

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : इथं दोन वेगळी आटणी आहेत. विणताना धागा ताणलेला राहतो आणि पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो. त्यात फासे स्वच्छ दिसतात, कापड मऊ राहतं, ओलं करून मापाला ताणून सपाट वाळवलं की बरंचसं परत येतं. नमदा झाला की केस गुंतलेले असतात. कंडिशनरनं ते जरा निसरडे होतात, हलका आटला असेल तर एखाद-दोन सेंमी सुटतील. १४ सेंमी येणार नाहीत. जोर लावाल तर फाटेल.

देशमुख वहिनी, ए-३०१ : मग मशीन वॉशेबल मेरिनो विकतात ते कसं?

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : त्या लोकरीवर आधी क्लोरीनची प्रक्रिया करून खवल्यांच्या कडा बोथट करतात, मग वर पॉलिमरचा पातळ थर देतात. ओंबीची कुसळंच काढली म्हणा. पण हे कारखान्यातलं मोजून केलेलं काम. घरी ब्लीच टाकायला जाऊ नका, लोकर विरघळते.

जाधव काकू, बी-२०४ : थोरल्याचा कसा धुवू?

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : टबात कोमट पाणी, हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच, साधारण ३० अंश. लोकरीचं लिक्विड आधी पाण्यात मिसळा. स्वेटर उलटा करून बुडवा, दहा मिनिटं ठेवा, तळव्यानं दाबा-सोडा. कॉलरवर डाग असला तरी चोळू नका. पाणी बदलताना स्वेटरवर नळाची धार सोडू नका. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. मशीनचं नुसतं स्पिन थोडा वेळ चालेल, कारण तेव्हा कपडा ड्रमला चिकटून असतो, रगडत नाही. मग सावलीत सपाट. दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनानं उलट लांबेल.

शिंदे काका, ए-१०१ : आणि आटलेल्याचं काय? भाच्याला?

जाधव काकू, बी-२०४ : भाचा म्हणतो टोचतो, दाटून आलंय.

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : मग कापा. नमदा झालेलं कापड कडेला उसवत नाही, शिलाई नको. कात्रीनं चौकोन काढा, दोन थर एकत्र शिवा, कढई उतरवायला पकड होईल. लोकर लवकर पेटत नाही आणि वितळून हाताला चिकटतही नाही. तिबेटीवाल्याचा मात्र गॅसजवळ वापरू नका. आधी एका बाहीवर कापून बघा. कडेचा धागा निघाला तर तिथं नमदा पुरता झालेला नाही, तिथं दुमडून शिवा.

जाधव काकू, बी-२०४ : उजवी बाही कापली. खांद्याकडं धागा निघत नाही, मनगटाकडं निघतोय.

कुलकर्णी मॅडम, सी-१०२ : मनगटाची पट्टी दाट विणीची, तिथं केसांना हलायला जागा नव्हती. ती बाजूला काढा, बाकीचं घ्या.