मदत हवी आहे : ‘गोल करा’ प्रश्नांची उत्तरे टंकित स्वरूपात कशी लिहावीत?

सप्रेम नमस्कार. मी नागपूर येथे दुसरीच्या वर्गाला शिकवते. आजारपणामुळे घरी असलेल्या एका विद्यार्थ्याचे पालक त्याची उत्तरे मोबाइलवर टाइप करून पाठवतात. मात्र कार्यपत्रिकेत ‘गोल करा’ किंवा ‘बरोबरची खूण करा’ असे असले की उत्तर संदिग्ध होते.

उदाहरणार्थ, ‘सर्वांत मोठ्या संख्येला गोल करा : 3, 4, 2’ या प्रश्नाला ‘2’ एवढेच उत्तर आले. हा दुसरा पर्याय, म्हणजे 4, समजावा की 2 ही संख्याच? पहिल्या अर्थाने उत्तर बरोबर ठरते, दुसऱ्याने चूक, आणि मुलाला तुलना कळली की नाही, हे तपासणेच खुंटते. म्हणून ‘प्र. 3 : गोल केलेली संख्या 4’ असे पूर्ण लिहावे, पर्यायांना अक्षरे असल्यास ‘(ब) संत्रे’ याप्रमाणे अक्षर व मजकूर दोन्ही द्यावेत, असे मी सुचवले आहे.

अडचण उरते ती दोन ठिकाणी. ‘आईने भाजी आणली आणि ताईने भाजी चिरली’ यातील दुसऱ्या ‘भाजी’लाच गोल असेल, तर ते कसे नोंदवावे? तसेच अनेक खुणांच्या प्रश्नात न लिहिलेला पर्याय मुद्दाम सोडला की टाइप करायचा राहिला, हे कसे ओळखावे? आपल्या वर्गात आपण कोणती पद्धत ठेवली आहे, ते कृपया नमुन्यासह कळवावे.