जिभेची आग आणि बी-१२ : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-४०२ काकू : मंडळी, महिनाभर झाला, मिरची चावल्यासारखी जीभ भगभगतेय. तोंडाला कोरड पडते आणि धातूसारखी चव येते. दाताच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून नीट पाहिलं. फोड नाही, जखम नाही, पांढरा थरही नाही. कुणाला असं झालंय का?

ए-१०३ आजोबा : उष्णता वाढली असेल. रात्री जिभेला साजूक तूप लाव आणि चमचाभर गुलकंद खा.

सी-२०४ : काकू, बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. माझं तोंड आलं होतं तेव्हा चार दिवसांत फरक पडला.

बी-६०१ डॉक्टर (मुखरोग) : काकू, गोळी आज सुरू करू नका, आधी रक्त तपासायला द्या. गोळी घेतल्यावर रक्तातला बी-१२ चा आकडा वर येतो आणि मग खरी कमतरता कळत नाही. आजोबा, तूप लावायला हरकत नाही, पण काकूंना शुगर आहे, म्हणून गुलकंद नको.
दोन गोष्टी सांगा. जेवताना आग वाढते की कमी होते? आणि रोजची औषधं कोणती?

बी-४०२ काकू : जेवताना वाढते हो! आमटीचा घोटसुद्धा झोंबतो. शुगरसाठी मेटफॉर्मिन, नऊ-दहा वर्षं तरी झाली असतील. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल. सर्दी असली की सेट्रिझिन. आमच्याकडे मांस-मच्छी नाही, अंडंही नाही.

बी-६०१ डॉक्टर : मग सगळ्यात आधी बी-१२ बघायला हवं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं आणि पॅन्टोप्रॅझोल तेच कमी करतं. पुढे आतड्यात ते शोषलं जाताना मेटफॉर्मिन आड येतं. म्हणजे मुळात कमी, त्यात दोन ठिकाणी अडथळा. जिभेच्या पेशी भराभर बदलत असतात, त्यामुळे उणीव तिथे लवकर जाणवते. जखम दिसायच्या आधीच आग सुरू होऊ शकते.
मेटफॉर्मिनने धातूसारखी चव येऊ शकते, सेट्रिझिनने कोरड पडते. पण मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका, शुगर बिघडेल. वाढलेल्या शुगरनेही तोंड कोरडं पडतं. बी-१२ सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन, फॉलिक ॲसिड, एचबीए१सी आणि थायरॉइड तुमच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ ही चांगलं असेलच असं धरू नका.
पायांना मुंग्या येतात का?

बी-४०२ काकू : तळपायांना येतात. मी वयामुळे म्हणून सोडून दिलं होतं.

बी-६०१ डॉक्टर : हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. शुगरनेही मुंग्या येतात, पण बी-१२ च्या कमतरतेत नसांना इजा होते आणि उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची इजा आत चालूच राहते.

सी-३०२ मावशी : माझं अगदी उलटं आहे. सकाळी काही नसतं, संध्याकाळपर्यंत आग वाढत जाते आणि जेवताना बरं वाटतं. बी-१२, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. घरचे म्हणतात मनाचं आहे.

बी-६०१ डॉक्टर : मावशी, मनाचं नाही. याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. जिभेच्या चवीच्या आणि वेदनेच्या नसांचं काम बिघडतं. पाळी थांबण्याच्या सुमारास आणि नंतर बायकांना जास्त होतं. खाताना आराम पडणं ही त्याची ठळक खूण आहे. मात्र बाकीची कारणं तपासून बाजूला केल्यावरच हे नाव द्यायचं. काहींना क्लोनाझेपामची गोळी चघळून लाळ थोडा वेळ तोंडात धरायची आणि थुंकायची, अशी पद्धत देतात. ती फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. दालचिनीची किंवा झणझणीत पुदिन्याची पेस्ट आणि अल्कोहोलचं माउथवॉश मात्र आजच बंद करा.

ए-१०३ आजोबा : आमच्या हिला रक्तदाबाची गोळी बदलल्यावर असंच झालं होतं.

बी-६०१ डॉक्टर : होऊ शकतं. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटाच्या गोळ्यांनी चव बदलते, क्वचित आगही होते. आग कधी सुरू झाली आणि गोळी कधी बदलली, हे डॉक्टरांना सांगायचं. पर्याय असतात.

*(पुढच्या आठवड्यात)*

बी-४०२ काकू : बी-१२ १४८ आलं! हिमोग्लोबिन १२.४, थायरॉइड ठीक. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. पॅन्टोप्रॅझोल खरंच लागतंय का, तेही बघणार म्हणाले.

बी-६०१ डॉक्टर : बहुतेक लॅबमध्ये २०० च्या खाली कमी धरतात, तेव्हा कारण सापडलं. जीभ निवायला काही आठवडे लागतील, मुंग्यांना त्याहून जास्त. तोवर तिखट, आंबट आणि कढत चहा टाळा, घोट घोट पाणी प्या. इंजेक्शनं पूर्ण होऊनही आग तशीच राहिली तर पुन्हा दाखवायला या, बुरशी आणि लाळ तपासू.
आणि सगळ्यांसाठी : आग जिभेच्या एकाच बाजूला असेल, तिथे बधिरपणा, गाठ किंवा पांढरा-लाल डाग असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका. तंबाखू, मिश्री लावणाऱ्यांनी तर त्याच आठवड्यात दाखवा.